'आय विश' की 'इफ ओन्ली'?

शेवटची लोकल चुकली. मनात दोन खंती येतात: जवळ गाडी नाही ही आत्ताची, आणि आधीची लोकल पकडली नाही ही मागची. इंग्रजीत पहिली 'आय विश आय हॅड अ कार', दुसरी 'आय विश आय हॅड टेकन द अर्लिअर ट्रेन'. आत्ताच्या खंतीला साधा भूतकाळ, मागच्या खंतीला 'हॅड'सोबत क्रियापदाचं तिसरं रूप. 'आय विश' काढून 'इफ ओन्ली' ठेवलं तरी पुढचं काही बदलत नाही, फक्त हळहळ वाढते. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने कुठलंही घ्या.

माझा कल 'विश'कडे गेला तो आपल्या 'तरच'मुळे. 'पैसे आले तरच माल पाठवू' हे आपल्याकडच्या ऑफिसच्या मेलमध्ये 'इफ ओन्ली द पेमेंट इज रिसीव्ह्ड, वुई विल डिस्पॅच' असं उतरलेलं मी वारंवार पाहिलं आहे. तिथे हवं असतं 'ओन्ली इफ'. दोन शब्दांची जागा बदलली की अट घालणारं वाक्य हळहळीकडे झुकतं आणि इंग्रजीत वाढलेला वाचक क्षणभर थबकतो. शिकवतानाही हा गुंता सुटता सुटत नाही, कारण 'इफ' दिसलं की आपण 'जर-तर'च्या तयारीत असतो, आणि 'ओन्ली' म्हणजे 'फक्त' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. 'विश'च्या बाबतीत हा घोळ होऊच शकत नाही.

दुसरं असं की 'विश'मध्ये खंत कोणाची ते सांगता येतं. 'शी विशेस शी हॅड अ कार' म्हणजे तिला आत्ता गाडी नसल्याचं वाईट वाटतंय. 'शी विश्ड शी हॅड अ कार' म्हणजे तेव्हा वाटत होतं, तेव्हाच्याच परिस्थितीबद्दल. 'विश' भूतकाळात गेलं म्हणून पुढचं 'हॅड' आणखी मागे ढकलायचं नाही, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. 'इफ ओन्ली शी हॅड अ कार' यात हळहळतंय कोण, ती की बोलणारा, हे मागच्यापुढच्या वाक्यांवरून ओळखावं लागतं.

तरी एके ठिकाणी मी 'इफ ओन्ली'च घेईन. 'इफ ओन्ली आय हॅड आस्क्ड!' एवढंच म्हणून थांबायचं असेल, तर 'विश' जरा मिळमिळीत वाटतं. आपणही 'विचारलं असतं तर...' म्हणून वाक्य अर्धंच सोडतो ना, तसं.

'विश' घेणाऱ्यांनी एक सांभाळावं. दुसऱ्याच्या वागण्याचा वैताग असेल तर 'आय विश ही वुड कॉल' चालतं, पण स्वतःबद्दल सहसा 'आय विश आय वुड' म्हणत नाहीत. पोहता येत नसल्याची खंत 'आय विश आय कुड स्विम' अशीच सांगायची.