गजबजलेल्या फोटोवर अक्षरं: सावली की पट्टी?

भाचीने गणपतीच्या आमंत्रणाचा फोटो पाठवला. मागे झेंडू, दिव्यांची माळ आणि त्यावर पांढरी अक्षरं. आता सावली द्यावी की मागे काळी पट्टी, यावर तिचं अडलंय.

वाचनीयतेत पट्टी पुढे आहे, पण ती पुरेशी गडद हवी. ५०% अपारदर्शक काळी पट्टी दिव्याच्या पांढऱ्या ठिपक्यावर आली की मधला करडा रंग उरतो आणि पांढऱ्या अक्षरांशी कॉन्ट्रास्ट जेमतेम ४:१ भरतो. बारीक मजकुराला किमान ४.५:१ लागतो. पट्टी ६०% केली तर तो साडेपाचच्या वर जातो. सावलीला असा भरवसा नाही. ती अक्षराची कड उचलते, मागचा गोंधळ तसाच राहतो. देवनागरीत तर जाड सावली जोडाक्षरांतल्या फटी बुजवते, अनुस्वार गिळते. म्हणून ती पसरट आणि फिकट ठेवावी, बाजूला सरकवू नये.

फोटो मात्र सावलीत जास्त उरतो. मजकूर बदलला तरी ती अक्षरांबरोबर जाते; पट्टी बऱ्याचदा हाताने ताणावी लागते, आणि वर वेलांटी-रफार, खाली उकार यांना जागा सोडावी लागते. (हे विसरलेले फ्लेक्स चौकाचौकात दिसतात.)

मोठ्या, जाड शीर्षकाला सावली पुरते. तारीख, वेळ, पत्ता मात्र पट्टीवरच. फोटो अंगठ्याएवढा करून बघ. पत्ता वाचता आला नाही तर पट्टी अजून गडद कर.