मशीनवर डेबिट की क्रेडिट? कोल्हापुरी चपलांच्या दुकानाचा हिशोब

महाद्वार रोडवरच्या दुकानात पर्यटक शनिवारी रात्री 6,000 रुपयांच्या चपला घेतो आणि कार्ड पुढे करतो. खात्यात किती येणार, हे कार्डवर ठरतं.

क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर बँक दुकानदाराकडून जे शुल्क कापते, त्याच्या दराला रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा नाही. करारात लिहिलेला दर लागतो. 2 टक्के धरला तर 120 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 21.60. हातात 5,858.40. जीएसटी बिलावर नव्हे, फक्त शुल्कावर लागतो. बरेचजण इथेच गोंधळतात.

डेबिटला मर्यादा आहे. वार्षिक उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर 0.40 टक्के, पुढे 0.90. मोठ्या दुकानाचे 54 अधिक 9.72 गेले, तरी 5,936.28 उरतात. रुपे डेबिट असेल तर 2020 पासून शुल्क शून्य. त्यावरही कपात दिसली तर बँकेला लेखी विचारा.

उशिराच्या बाबतीत मात्र दोन्ही सारखीच. दिवसभराच्या व्यवहारांची एकत्र बॅच मशीनवर बंद केल्यावरच ते बँकेकडे जातात, आणि पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी येतात. त्यामुळे शनिवारची विक्री बहुधा सोमवारी, सोमवारी सुट्टी असेल तर मंगळवारी. बॅच बंद करायची राहिली, तर आणखी एक दिवस.

जमा रक्कम एका बिलाशी जुळवू नका, ती अख्ख्या बॅचची असते. त्यातून मशीनचं भाडं आणि परत केलेल्या मालाचे पैसेही वळते होऊ शकतात. मशीनची बॅच पावती आणि बँकेचा सेटलमेंट रिपोर्ट शेजारी ठेवला की फरक सापडतो.

माझं मत विचाराल तर दर घासाघीस करून कमी करायचा तो क्रेडिटचाच.