लगतची दोन पीकं, लांबची दोन पीकं की लॉगचा आलेख? डॅम्पिंग काढायला काय निवडावं

स्प्रिंगला टांगलेलं वजन खाली ओढून सोडलं की त्याचं झुलणं हळूहळू मंदावतं, हेच डॅम्पिंग. आयाम, म्हणजे स्थिर बिंदूपासून टोकापर्यंतचं अंतर, दर फेरीला ठरावीक सेंटिमीटरने कमी होत नाही, ठरावीक पटीने कमी होतो. म्हणून सूत्र A = A0·e^(−γt), यातला γ म्हणजेच आपल्याला हवा असलेला डॅम्पिंगचा आकडा, आणि म्हणूनच लॉग. लगतच्या दोन पीकांच्या, म्हणजे एकाच बाजूच्या टोकांच्या, आयामांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग घेतला की प्रत्येक फेरीमागची घट δ मिळते. तिला आवर्तकाळाने भागलं की γ.

यवतमाळ-वाशीमकडच्या तालुक्याच्या कॉलेजात प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, लगतची दोनच पीकं घेतली तं नाही चालत का?" सूत्राच्या हिशेबाने चालतं. मोजपट्टीच्या हिशेबाने काय होतं, ते एका उदाहरणात पाहू.

२०० ग्रॅम वजन, त्याखाली हवा अडवायला पुठ्ठ्याची चकती, मागे उभी मोजपट्टी. २० फेऱ्यांना २४ सेकंद, म्हणजे आवर्तकाळ १.२ सेकंद. पहिला आयाम १०.० सेंमी, पुढचा ९.४ सेंमी. ln(10.0/9.4) = 0.062. पण पट्टीवर एक मिलिमीटर इकडेतिकडे वाचला जातोच. ९.५ वाचलं तर δ येतो ०.०५१, ९.३ वाचलं तर ०.०७३. एका मिलिमीटरने उत्तर जवळजवळ पाचव्या हिश्शाने हललं. डॅम्पिंग कमी असेल तर ही पद्धत मी कुणालाच सुचवणार नाही. तेलात बुडालेल्या गोळ्यासारखं डॅम्पिंग जबर असेल आणि मोजण्याजोगी पीकं दोन-तीनच मिळत असतील, तेव्हा मात्र तीच कामाची.

आता त्याच झुलण्यात दहा फेऱ्या सोडून पुढचं पीक घ्या: ५.५ सेंमी. ln(10.0/5.5) = 0.598, त्याला दहाने भागलं की ०.०६०. इथे एक मिलिमीटर चुकला तरी δ ०.०५८ ते ०.०६२ एवढ्यातच राहतो, कारण चूकही दहाने भागली जाते. मग पन्नासावं पीक का घेऊ नये? तोवर आयाम अर्ध्या सेंमीवर आलेला असतो आणि त्यात एक मिलिमीटर म्हणजे पाचवा हिस्सा. आयाम मूळच्या साधारण एक तृतीयांशावर येतो, तिथलं पीक सगळ्यात फायद्याचं. आपल्या उदाहरणात ते अठराव्या फेरीच्या आसपास येईल. वेळ कमी असेल तर ही पद्धत बिनधास्त वापरा.

तरीही प्रोजेक्टसाठी मी आलेखच करायला सांगतो.

| फेरी | आयाम (सेंमी) | ln A |
|---|---|---|
| ० | १०.० | २.३०३ |
| ५ | ७.४ | २.००१ |
| १० | ५.५ | १.७०५ |
| १५ | ४.१ | १.४११ |
| २० | ३.० | १.०९९ |

आडव्या अक्षावर फेरी, उभ्यावर ln A. बिंदू सरळ रेषेत बसतात आणि उतार ०.०६० येतो. γ = 0.060/1.2 = 0.05 प्रति सेकंद. सेमीलॉग पेपर गावात मिळत नसेल तरी अडत नाही, लॉग काढून साधा आलेख कागद पुरतो. फक्त लॉग टेबल १० च्या पायाचं असतं, त्यातली किंमत २.३०३ ने गुणायला विसरू नका.

दोन पीकांतून आकडा मिळतो, पण घट खरोखर घातांकी आहे का, हे कळत नाही. आलेखात ते दिसतं. रेषा सुरुवातीला जास्त उतरती आणि पुढे सपाट होत गेली, तर मोठ्या आयामाला हवेचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतोय. उलट रेषा शेवटी जास्त खाली वळली, तर बहुतेक चकती कुठेतरी घासतेय. कोरड्या घर्षणात आयाम दर फेरीला सारख्याच सेंटिमीटरने घटतो.

स्थिर बिंदू तीन मिलिमीटर चुकीचा धरला तर सगळे आयाम १०.३, ७.७ असे फुगतात आणि δ ०.०५७ वर येतो. दोन पीकांच्या पद्धतीत ही चूक लपूनच राहते. एवढी लहान चूक आलेखातही डोळ्याला दिसत नाही, म्हणून ती आधीच टाळावी: आयामाऐवजी वरचं टोक आणि त्यालगतचं खालचं टोक यांतलं अंतर मोजा. स्थिर बिंदू हिशेबातून निघूनच जातो आणि गुणोत्तर तेच राहतं.

टोकं वाचायला मोबाईलचा साधा व्हिडिओ पुरतो, कारण टोकाशी वजन क्षणभर थांबतं. मोबाईल लांब, पट्टीच्या मध्याच्या उंचीवर ठेवा. उकाड्यात जिवावर येतं, पण पंखा बंदच हवा. लाईन गेलेली वेळ साधली तर उत्तम.

रेषा सुरुवातीला वाकलेली निघाली तर ते बिंदू खोडू नका. शेवटच्या सरळ भागाचा उतार काढा आणि γ शेजारी लिहा की तो अमुक सेंमीच्या आतल्या आयामापुरता आहे.