तासाभराच्या सभेची विषयपत्रिका: समान वाटा, मिनिटांचा हिशोब की घड्याळाची वेळ?

शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांची सभा ११ ला बोलावलेली असते. ती १२ ला संपली नाही तर १२:२० ची एसटी पकडायला निघालेले दोघं-तिघं अर्धवट विषयातच उठतात, आणि त्यांच्या माघारी झालेला ठराव पुढच्या महिन्यात पुन्हा उकरला जातो. म्हणून विषयपत्रिकेवर वेळ टाकायची, यावर बहुतेकांचं एकमत असतं. ती कशी टाकायची, यात मात्र तीन पद्धती दिसतात. सगळ्या विषयांना सारखी वेळ, प्रत्येक विषयापुढे त्याची मिनिटं, किंवा थेट ‘११:०७ ते ११:२३’ अशी घड्याळाची वेळ.

तिन्ही एकाच सभेला लावून पाहू. समजा, वर्धा जिल्ह्यातली कंपनी आहे, ९ संचालक, त्यातले बहुधा ७ हजर, शिवाय सीईओ. सप्टेंबरचा शेवट, सोयाबीन काढणीला आलेलं. विषय सहा: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, सोयाबीन खरेदी, हरभरा बियाण्याची मागणी, जमाखर्च, ग्रेडिंग यंत्राची दुरुस्ती, आणि आपला नेहमीचा ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’.

समान वाट्याची पद्धत सोपी. ६० भागिले ६, प्रत्येकी १०. कोणाला वाईट वाटत नाही, एवढाच तिचा फायदा. इतिवृत्ताला १० मिनिटं दिली की ते १० मिनिटं चालतंच. कोणीतरी मागच्या महिन्याचा वाद पुन्हा काढतो, कारण वेळ मोकळी पडलेली असते. सोयाबीनला तेवढ्याच १० मिनिटांत सात जण बोलू शकत नाहीत. मग तो विषय १६-१८ मिनिटांवर जातो आणि त्याची किंमत शेवटचा विषय चुकवतो. दुरुस्तीचा विषय सलग तीन सभा ‘पुढील सभेत घ्यावा’ म्हणून निघाला असेल, तर दोष यंत्राचा नाही, वाटणीचा आहे. दोन-तीन सारख्या वजनाचे विषय असतील तरच ही पद्धत धरा. गावच्या सभेत तसं क्वचितच घडतं.

मिनिटांच्या पद्धतीत प्रत्येक विषयाला वेगळा आकडा द्यावा लागतो, आणि तो अंदाजाने टाकला तर काही उपयोग नाही. आकडा निघतो तो बोलणाऱ्या तोंडांवरून. विषय मांडायला लागणारी मिनिटं, अधिक बोलणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकी एक किंवा दीड मिनिट, अधिक ठराव लिहून सूचक-अनुमोदक घालायला दोन मिनिटं. जमाखर्चाच्या वेळी सीईओ आकडे सांगतात आणि दोघं-तिघं प्रश्न विचारतात, बाकीचे माना डोलावतात. हरभऱ्याचं वाण ठरवताना ‘जॅकी ९२१८ मागवायचा की दिग्विजय’ या प्रश्नावर मात्र सातही जणांचं मत असतं, कारण प्रत्येकाच्या वावरात त्यातलं एक तरी पेरलेलं असतं.

सोयाबीनचा हिशोब असा बसतो. मांडणी ३ मिनिटं, सात जण दीड-दीड मिनिट म्हणजे साडेदहा, ठराव २. झाली साडेपंधरा, धरा १६. पण हा १६ चा आकडा तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा विषय प्रश्न म्हणून लिहिलेला असतो. पत्रिकेवर नुसतं ‘सोयाबीन खरेदीबाबत’ लिहिलं की गोदाम, बारदाना, बाजारभाव, पाऊस, सगळं त्यात मावतं आणि तासही पुरत नाही. त्याऐवजी लिहा: ‘मॉइश्चर मीटरवर १२ टक्क्यांच्या वर ओलावा दाखवणारा माल घ्यायचा का? घेतल्यास दर एका टक्क्याला किती कपात?’ आता सात जण एकाच गोष्टीवर बोलतात. कोणी बारदान्यावर गेला तर अध्यक्षांना थांबवायला कागदाचा आधार मिळतो. एरवी ‘काहून जी, आमचं ऐकून त घ्या’ असं म्हटलं की अध्यक्षही गप्प बसतात.

इतिवृत्ताचाही असाच हिशोब करा. मोठ्याने वाचायला मिनिटाला साधारण १२० शब्द धरले तर ९०० शब्दांचं इतिवृत्त साडेसात मिनिटं खातं. ते आदल्या दिवशी ग्रुपवर टाकून सभेत फक्त ठराव वाचले तर ४ मिनिटांत काम होतं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी एक छापील प्रत सहीच्या रजिस्टरमध्ये ठेवा.

आयत्या वेळच्या विषयांना ४ मिनिटं द्या, आणि त्यात निर्णय घ्यायचा नाही, फक्त विषय नोंदवून पुढच्या पत्रिकेवर टाकायचा, असं पत्रिकेवरच लिहून ठेवा. संपूर्ण तास गिळायची ताकद या एकाच ओळीत असते. सगळ्यात शेवटी ठराव पुन्हा वाचून दाखवायला ३ मिनिटं, कारण ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हे तिथल्या तिथे मिटवलेलं बरं.

या पद्धतीत विषयाचा वाटा नीट दिसतो, पण सभा किती मागे पडली ते दिसत नाही. बियाण्याच्या विषयापुढे ‘११ मिनिटं’ लिहिलंय, तो १५ चालला. चारच जास्त गेली, असं सगळ्यांना वाटतं. त्याआधीची तीन आणि सुरुवातीची पाच कोणी मनात धरत नाही. बेरीज करायला कोणी मोकळा नसतो, आणि पावणेबाराला अध्यक्षांच्या लक्षात येतं की दोन विषय अजून उघडलेच नाहीत.

घड्याळाची पद्धत नेमकी हीच अडचण सोडवते. ‘जमाखर्च ११:३९’ असं लिहिलं असेल आणि भिंतीवरचं घड्याळ ११:४६ दाखवत असेल, तर सात मिनिटं मागे आहोत हे कोणालाही कळतं, हिशोब न करता. बँकेचा अधिकारी किंवा कृषी सहाय्यक एकाच विषयापुरता येणार असेल तर त्याला सांगायलाही नेमकी वेळ मिळते. पण तिचा एक मोठा कच्चा दुवा आहे. सभा ११:१२ ला सुरू झाली की कागदावरची प्रत्येक वेळ पहिल्याच क्षणी चुकीची होते. मग लोक कागद उलटा करून त्यावर आकडेमोड करतात, आणि पुढच्या वेळी पत्रिकेवरच्या वेळेकडे कोणी पाहत नाही. पावसाळ्यात नाल्याला पाणी असेल, सकाळी फवारणी चालू असेल तर ११ चे ११:१२ होणारच. शुद्ध घड्याळ-पद्धत तिथेच चालते, जिथे गेल्या तीन सभा पाच मिनिटांच्या आत सुरू झाल्यात. हे कळण्यासाठी सही करताना समोर आल्याची वेळ लिहायला लावा. तीन महिन्यांत उत्तर हातात येतं.

म्हणून आमचा कल दोन्ही जोडण्याकडे आहे: प्रत्येक विषयापुढे मिनिटं, आणि फक्त तीन ठिकाणी घड्याळाची वेळ. बैलाला दावं बांधायला खुंटी असते तशा या तीन खुंट्या. वरच्या सभेची पत्रिका अशी होईल:

उपस्थिती व सह्या: ३ मिनिटं (११:०० सुरू)
इतिवृत्त, फक्त ठराव: ४
ओलाव्याचा माल व कपात: १६
हरभऱ्याचं वाण व क्विंटल: ११ (११:३४ ला संपणार)
मोकळी वेळ: ५
जमाखर्च: ७
ग्रेडिंग यंत्राची दुरुस्ती: ७
आयत्या वेळचे, फक्त नोंद: ४
ठराव वाचन: ३ (१२:०० ला समाप्त)

बेरीज ६०. यात मोकळी पाच मिनिटं शेवटी नाहीत, मधे आहेत. ही जागा मुद्दाम निवडलेली आहे. शेवटी ठेवली तर ती कोणालाच दिसत नाहीत आणि आयत्या वेळच्या विषयात विरून जातात. दोन जड विषयांनंतर ठेवली तर त्या दोघांनी केलेला उशीर तिथेच भरून निघतो आणि जमाखर्च आपल्या वेळेवर सुरू होतो.

उशिराचं काय करायचं, हेही पत्रिकेखाली एका ओळीत आधीच ठरवून लिहा: ‘सभा १२ मिनिटांपर्यंत उशिरा सुरू झाल्यास मोकळी वेळ व यंत्र दुरुस्ती वगळणे.’ ५ आणि ७, बरोबर १२. ११:१२ ला सुरू झालेली सभा मग १२ लाच संपते, आणि यंत्राचा विषय का गेला यावर भांडण होत नाही, कारण ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. दुरुस्ती तातडीची असेल तर वगळायला दुसरा विषय निवडा, पण निवड सभेआधी करा. सभेत कोणता विषय काढायचा हे ठरवायलाच चार मिनिटं जातात.

जड विषय कुठे ठेवायचा, यावर मतभेद होतात. बरेच जण म्हणतात, पहिलाच घ्या, डोकं ताजं असतं. इथे ते जमत नाही. उत्पादक कंपनीच्या संचालक सभेची गणपूर्ती एक तृतीयांश, पण किमान तीन. म्हणजे नऊपैकी तिघं आले की सभा कायदेशीर सुरू होते. तिघांनी ओलाव्याची कपात ठरवली आणि चौथा दहा मिनिटांनी आला, तर ठराव पक्का असला तरी गावात तो टिकत नाही. वरच्या पत्रिकेत सोयाबीनआधी ७ मिनिटं आहेत. तुमच्या रजिस्टरवर लोक साधारण १२ मिनिटांनी येताना दिसत असतील तर जमाखर्च उचलून इतिवृत्तानंतर ठेवा. मग जड विषय ११:१४ ला सुरू होईल. बेरीज तीच राहते, फक्त मधली खुंटी ११:३४ ऐवजी ११:४१ लिहावी लागते. ती बदलायला विसरू नका, जुन्या पत्रिकेवरून नक्कल करताना हमखास राहते.

वेळ पाहायचं काम अध्यक्षांकडे देऊ नका, त्यांना स्वतःलाच बोलायचं असतं. सीईओंकडेही नको, ते ठराव लिहीत असतात. ज्या संचालकाचा त्या दिवशीच्या जड विषयात फारसा हात नाही, त्याने मोबाइलवर टायमर लावावा आणि दोन मिनिटं उरली की दोन बोटं वर करावीत. टायमर वाजल्यावर अध्यक्षांपुढे तीनच वाटा: ठराव टाकणे, दोघांवर जबाबदारी देऊन तारीख घालणे, किंवा दुसऱ्या एखाद्या विषयाची मिनिटं त्याचं नाव घेऊन उचलणे. ‘यंत्राची चार मिनिटं इकडे घेतोय’ असं उघड म्हटलं की यंत्राचा विषय मांडणारा भाऊ लगेच हरकत घेतो, आणि बहुतेक वेळा सोयाबीन तिथेच मिटतं.