प्रतिध्वनी काढायचाय: रिअल सेप्स्ट्रम की कॉम्प्लेक्स?

साडेआठ मीटरवरच्या भिंतीसमोर टाळी वाजवली, तर प्रतिध्वनी सुमारे 50 मिलिसेकंदांनी येतो. 8000 हर्ट्झ सॅम्पलिंगला तो 400 सॅम्पल. त्याची उंची निम्मी धरू: y[n] = x[n] + 0.5·x[n−400]. फूरिए रूपांतरात हा प्रतिध्वनी गुणक होऊन बसतो. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते आणि उलट रूपांतरानंतर मिळणाऱ्या सेप्स्ट्रममध्ये तो ठरावीक जागी टोकं काढून वेगळा दिसतो.

रिअल सेप्स्ट्रममध्ये फक्त मॅग्निट्यूडचा लॉग असतो. 400 वर 0.25 चं टोक, 800 वर −0.0625. विलंब मोजायचा असेल तर मी हाच वापरते. कोडच्या दोन ओळींत होतो. पण फेज टाकून दिल्यामुळे मूळ टाळी परत मिळत नाही. शिवाय प्रतिध्वनी निम्मा आहे की दुप्पट, हेही त्यातून कळत नाही.

कॉम्प्लेक्समध्ये फेजही राहते. टोकं 0.5, −0.125, 0.042 अशी, एकाच बाजूला येतात. प्रतिध्वनी मूळ आवाजापेक्षा मोठा असेल तर ती ऋण बाजूला जातात. या जागांवर शेजारच्या किमतींची सरासरी भरायची, मग रूपांतर, एक्स्पोनेन्शियल, उलट रूपांतर, आणि टाळी एकटी उरते. खरी कसोटी फेज सलग करण्यात आहे. स्पेक्ट्रम जिथे जवळजवळ शून्य होतो, तिथे 2π ची एक उडी चुकली तरी सगळ्या सेप्स्ट्रमभर खरखर पसरते. ती दिसली तर आधी शून्यं जोडून एफएफटी लांब करा. तुकडा प्रतिध्वनीच्या मध्येच कापला असेल, तर मात्र गुणाकाराचं गृहीतकच मोडतं.