आईची अमेरिकावारी: पॉलिसी इथली की तिथली?

आई 68 वर्षांची. बीपी, शुगर आणि सहा वर्षांपूर्वी टाकलेला एक स्टेंट. आता पाच महिन्यांसाठी ताईकडे न्यू जर्सीला जायची होती. नाशिकला शरणपूर रोडवरच्या एजंटने इथली ट्रॅव्हल पॉलिसी दाखवली, ताईने तिकडची, पाहुण्यांसाठी मिळते ती. दोन्हींवर ठळक अक्षरांत 1 लाख डॉलर. तो आकडा बाजूला ठेवून आम्ही एवढंच पाहिलं: रात्री आईच्या छातीत दुखलं आणि बिल 60,000 डॉलर झालं, तर हातात काय पडेल?

इथल्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांचं कलम वेगळं होतं. जिवावर बेतलं तरच खर्च मिळणार, तोही पेशंट स्थिर होईपर्यंतच, आणि त्यासाठी कमाल 10,000 डॉलर. म्हणजे 50,000 घरचे. काही पॉलिसींमध्ये एवढंही नसतं, म्हणून हे कलम माहितीपत्रकात नाही, पॉलिसी वर्डिंगमध्ये वाचावं.

ताईच्या पॉलिसीत 'अक्यूट ऑनसेट' होतं. जुना आजार अचानक, आधी काही लक्षण न दाखवता उसळला आणि 24 तासांत उपचार घेतले, तर खर्च मिळतो. पहिले 250 डॉलर आपले, पुढच्या 5,000 मधले 20 टक्के म्हणजे 1,000 आपले, बाकी कंपनीचे. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात तेच बिल आपल्याला 1,250 ला पडतं. हप्ता मात्र बराच जास्त. याहून स्वस्त 'फिक्स्ड बेनिफिट' प्रकारही असतो, पण त्यात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते आणि तिकडच्या बिलापुढे ती तुटपुंजी ठरते.

आमची खरी अडचण आईच होती. "गॅस झालाय गं, होईल बरं," म्हणत ओवा चघळत दोन दिवस काढणारी बाई! असे दोन दिवस गेले की 'अचानक' हा शब्दच गळून पडतो आणि क्लेम नाकारला जाऊ शकतो. तिला बजावून सांगितलं, जरा जरी दुखलं तरी लगेच ताईला उठवायचं.

एजंट म्हणाला, "स्टेंटचं फॉर्मवर लिहूच नका, हप्ता वाढेल." हे ऐकू नका. इमर्जन्सीत डॉक्टर पहिल्यांदा जुनी हिस्ट्रीच विचारतात, आई ती खरीच सांगणार, आणि तेच कागद क्लेमसोबत कंपनीकडे जातात.

रोजच्या गोळ्या आणि नेहमीची तपासणी दोन्हींत नाही, त्यामुळे पाच महिन्यांची औषधं चिठ्ठीसकट बॅगेत गेली.

आम्ही ताईची पॉलिसी घेतली. आई सत्तरीपुढची असती तर पुन्हा विचार केला असता, कारण त्या वयानंतर बऱ्याच तिकडच्या योजनांत रक्कम घटते किंवा अक्यूट ऑनसेटच उरत नाही. युरोपची पंधरा दिवसांची टूर असती, तर आजार लिहून घेतलेली इथलीच पॉलिसी पुरली असती. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचं कव्हर लागतंच. फक्त इथली पॉलिसी विमानात बसण्याआधी काढावी लागते, तिकडची पोचल्यावरही मिळते.