जूनचा गल्ला कुठे भरायचा? चालू खात्याच्या दोन तऱ्हा

आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे. वर्षभर रोख येते ती बेताचीच, पण जूनमध्ये पेरणीच्या पंधरवड्यात गल्ला अक्षरशः आवरत नाही. चालू खातं आधी एका खासगी बँकेत होतं आणि नंतर एका सरकारी बँकेत उघडलं. दोन्हीकडे एकेक खरीप काढलाय. दुकानदार मित्र विचारतात म्हणून लिहितोय. दर बँकेगणिक आणि खात्याच्या प्रकारागणिक बदलतात, तेव्हा माझे आकडे माझ्या खात्यांपुरतेच धरा.

खासगी बँकेत माझी मोफत भरण्याची मर्यादा ठरलेली नव्हती. त्या महिन्याच्या सरासरी शिलकीच्या दहापट रोख फुकट आणि त्यावर हजारी चार रुपये, असा हिशोब होता. खातं उघडताना हे फार उदार वाटलं. ऐंशी हजार सरासरी ठेवली की आठ लाख मोफत, आणखी काय हवं?

गोम अशी की आमच्या धंद्यात रोख ज्या महिन्यात येते त्याच महिन्यात ती खात्यात थांबत नाही. सकाळी भरणा केला की दुपारी डिस्ट्रिब्युटरला आरटीजीएस जातो, नाहीतर पुढची गाडी सुटत नाही. मे 2024 मध्ये माझी सरासरी ऐंशी हजारांची होती आणि भरणा दोन लाखांच्या आसपास, म्हणजे मर्यादा पडून राहिली. ती पुढच्या महिन्यात ओढली जात नाही. जूनमध्ये भरणा झाला 9,40,000 रुपयांचा आणि सरासरी उतरली 52,000 वर. मोफत मर्यादा 5,20,000 झाली. उरलेल्या 4,20,000 वर हजारी चारप्रमाणे 1,680 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 302.40, एकूण 1,982.40.

पैसे गेले याचं मला एवढं वाटलं नाही. हंगामात तेवढे हमालीत जातात. खटकलं ते पुढचं. जून संपेपर्यंत सरासरीच ठरत नाही, त्यामुळे आपण मर्यादेच्या आत आहोत की बाहेर, हे भरणा करताना कोणालाच सांगता येत नाही. काउंटरवरच्या ताईंनाही नाही. आणि आकार स्टेटमेंटवर उमटला थेट 11 जुलैला, एकाच ओळीत:

`CASH DEP CHG JUN24 INCL GST`   1,982.40

कोणत्या भरण्यावर किती लागला, सरासरी किती धरली, काही नाही. त्या दिवशी खात्यात 1,86,400 रुपये होते आणि डिस्ट्रिब्युटरचा 1,85,000 चा चेक वटायला आला होता. आकार आधी कापला गेला, चेकला 582 रुपये 40 पैसे कमी पडले आणि चेक परत गेला. बारा वर्षांच्या व्यवहारात पहिल्यांदा. डिस्ट्रिब्युटर समजूतदार, काही बोलला नाही, पण त्याच्या वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं.

सरकारी बँकेतली पद्धत साधी आहे. होम ब्रँचला महिन्याला पाच लाख मोफत, शिल्लक कितीही असो. वर हजारी पाऊण रुपया. आणि आकार त्याच दिवशी, त्याच भरण्याच्या खाली. जून 2025 मध्ये 18 तारखेपर्यंत माझे 4,60,000 भरून झाले होते. त्या दिवशी नव्वद हजार भरले. त्यातले चाळीस मोफतमध्ये बसले, पन्नास हजारांवर आकार लागला. पासबुकात भरण्याच्या लगेच खाली 37.50 ची एक ओळ आणि जीएसटीची 6.75 ची दुसरी. बघताक्षणी कळलं की मर्यादा आज संपली. महिनाभरात एकूण 9,10,000 भरले, आकार जीएसटीसकट 362.85 पडला.

जीएसटीची ओळ वेगळी असण्याचा दुकानदाराला आणखी एक उपयोग आहे. तुमचा जीएसटी नंबर बँकेत नोंदवलेला असेल तर बँकेने घेतलेला कर तुमच्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसतो आणि नियमात बसेल तेवढा क्रेडिट घेता येतो. नंबर दिलेला नसेल तर बँक तुम्हाला साधं गिऱ्हाईक धरते आणि तो कर बुडाला. खासगी बँकेतले माझे 302.40 असेच गेले. ती चूक माझी, बँकेची नाही. पण `INCL GST` लिहून सगळं एका ओळीत कोंबल्यावर आत कर आहे हे अकाउंटंटने विचारेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता काढण्याचं. इथे खासगी बँक सरस आहे, हे मान्य करायला हवं. तिच्या कार्डावर मला दिवसाला एक लाख काढता यायचे, सरकारी बँकेच्या कार्डावर चाळीस हजार. शनिवारी संध्याकाळी हमाल आणि टेम्पोवाले पैशासाठी उभे असतात तेव्हा हा फरक जाणवतो. दिवसाची मर्यादा संपली तर मशीन नकार देतं आणि त्याची स्टेटमेंटवर खूणही उरत नाही, कारण पैसे हललेलेच नसतात. खात्यातून रक्कम वजा झाली आणि हातात नोटा आल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी. तिची ओळ दिसते, आणि पाच दिवसांत उलट नोंद आली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 पासूनचा नियम आहे.

मर्यादेपेक्षा मला जास्त नडलं ते मशीनचं एका वेळचं दहा हजारांचं बंधन. चाळीस हजार काढायचे तर चार वेळा कार्ड घालायचं, चार ओळी, आणि मोफत व्यवहारांतले चार एका संध्याकाळी खलास. महिन्याला पाच मोफत हा नियम बचत खात्याचा आहे. चालू खात्याला बँक जे देईल ते. स्टेटमेंटवर 27.14 असा विचित्र आकडा दिसला तर समजावं की मोफत व्यवहार संपले: 1 मे 2025 पासूनचे 23 रुपये आणि त्यावरचा जीएसटी. मी आता शनिवारी सकाळीच होम ब्रँचला सेल्फचा चेक टाकून एकदम रक्कम आणतो. तिथे कार्डाची मर्यादा लागत नाही. मात्र दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, तेव्हा शुक्रवारीच जावं लागतं, आणि रांगेत तास मोडतो. दहा-वीसच्या बंडलांकडे कॅशियर कसा बघतो तेही सोसावं लागतं.

तुमची शिल्लक महिनाभर खात्यात बसून राहत असेल, उदाहरणार्थ दवाखाना किंवा क्लासेस, तर दहापटीचं गणित तुमच्या बाजूनेच पडेल आणि खासगी बँक कदाचित स्वस्तही पडेल. आज आला आणि आज गेला असा पैसा असेल, तर मी तरी ठरलेली मर्यादा घेईन. खातं उघडताना दराचा कागद सगळेच मागतात. त्याऐवजी एखादं जुनं स्टेटमेंट दाखवायला सांगा, नावनंबर झाकून का होईना, आणि आकाराची ओळ कशी येते ते बघा.

खासगी बँकेतलं खातं मी बंद केलेलं नाही. तिचं पैसे भरायचं मशीन दुकानासमोरच आहे. रविवारचा गल्ला रात्री घरात ठेवण्यापेक्षा तिथे टाकतो, आणि महिन्याचा आकडा गल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवतो.